भाच्याच्या मुंजीची मंगलाष्टकं: माझा अनुभव

ज्या छापखान्यात मुंजीच्या पत्रिका दिल्या होत्या, तिथल्या माणसाने सांगितलं, "मंगलाष्टकं आमच्याकडे तयार असतात. फक्त मुलाचं नाव टाकायचं." नमुन्याच्या कागदावर खरंच नावाच्या जागी टिंबं होती आणि पुढे लिहिलं होतं "… हो तू सुखी". ताई खूश झाली. मला मात्र घरी येऊन तो कागद गाऊन बघायची दुर्बुद्धी सुचली, आणि तिथून सगळं सुरू झालं.

भाच्याचं नाव मिहिर. (इथे नावं बदलली आहेत, पण लघू-गुरू तेच राहतील अशीच घेतली आहेत, नाहीतर पुढचं सगळं व्यर्थ.) "मिहिर हो तू सुखी" हे चालीत म्हणून बघा. जमत नाही. जमवायला गेलात तर "मीहीर" होतं. त्याच टिंबांच्या जागी अद्वैत, ओंकार किंवा आदित्य टाका, अलगद बसतात. म्हणजे तो नमुना कोणातरी अद्वैतासाठी लिहिला होता आणि पुढे तोच सगळ्या मुलांना विकला जात होता.

कारण साधं आहे. मंगलाष्टकं शार्दूलविक्रीडित वृत्तात असतात. ओळीत 19 अक्षरं, बाराव्या अक्षरावर यती म्हणजे थांबा, मग उरलेली सात. गण म स ज स त त आणि शेवटी एक गुरू. गण पाठ नसतील तर "गंगा सिंधु सरस्वती च यमुना" एवढं म्हणा, ते बरोबर पहिल्या बारा अक्षरांचं माप आहे. शेवटच्या सात अक्षरांचं माप "कुर्यात् बटोर्मंगलम्". लग्नात "सदा मंगलम्" म्हणतात, मुंजीत "बटोर्मंगलम्", वजन दोन्हीचं सारखंच. याचा एक फायदा असा की प्रत्येक कडव्याची चौथी ओळ अर्धी तयारच मिळते, आपल्याला बाराच अक्षरं शोधायची असतात.

मिहिर म्हणजे लागोपाठ तीन लघू. अख्ख्या ओळीत तीन लघू एकापुढे एक फक्त एकाच ठिकाणी येतात: नववं, दहावं, अकरावं अक्षर. त्यापुढे लगेच एक गुरू आणि यती. म्हणजे नाव त्या एकाच खिडकीतून आत जाणार. पण मंगलाष्टक हा बटूला दिलेला आशीर्वाद आहे, त्याच्याशीच बोलायचं आहे, तेव्हा हाक मारायला काय हरकत? "मिहिरा" म्हटलं की दोन लघू आणि एक गुरू होतात, आणि त्याला दोन जागा मिळतात, चार ते सहा किंवा दहा ते बारा. मी दुसरी घेतली, कारण हाक मारून थांबलं की ऐकणाऱ्यालाही कळतं कोणाला बोलतायत ते. पहिली ओळ अशी झाली:

कंठी घेउनि यज्ञसूत्र मिहिरा, हो ब्रह्मचारी गुणी

"कंठी" ताईने सुचवलं होतं, कानाला गोडही लागत होतं. गुरुजींना वाचून दाखवलं तर त्यांनी पहिल्याच शब्दाला हात वर केला. जानवं गळ्यात माळेसारखं घातलं की ते निवीत. डाव्या खांद्यावरून उजव्या काखेखाली येतं ते उपवीत, आणि मुंजीत मुलाला तेच घालतात. "खांदी" करा म्हणाले. वजन तेच, दोन गुरू, त्यामुळे काम एका शब्दात संपलं. गुरुजींना आधी दाखवा, छापल्यावर नको.

मुलाचं नाव सुटलं, पण आजोबांचं अडलं. ताईचे सासरे पुरुषोत्तम. सगळे त्यांना तात्या म्हणतात. "तात्या" म्हणजे दोन गुरू, कुठेही बसले असते. पण पत्रिकेत पूर्ण नाव आहे तर श्लोकातही पूर्ण हवं, असं त्यांनी स्वतःच स्वच्छ सांगितलं. आता पु-रु-षो-त्त-म: लघू, लघू, गुरू, लघू, लघू. ओळीत चार ते आठ या जागेवर हे जवळजवळ बसतं, फक्त शेवटचं अक्षर गुरू हवं आणि "म" लघू. "पुरुषोत्तमराव" तर कुठेच बसत नाही. "पुरुषोत्तमा" बसलं असतं, पण नातवाच्या मुंजीत आजोबांना एकेरी हाक कोण मारणार? मिहिरला जी सोय होती ती तात्यांना नाही. आशीर्वाद ज्याला द्यायचा त्याला संबोधन चालतं, जो देतो त्याला नाही.

इथे मी खरोखर वैतागलो. रात्री जेवताना, गाडी चालवताना, ऑफिसात, डोक्यात पुरुषोत्तम. घरात प्रत्येकाकडे उपाय होता. मेहुणे म्हणाले, "यमक जुळतंय ना, मग काय?" जुळणारं यमक आणि लंगडणारी ओळ यातला फरक त्यांना गाऊन दाखवला तरी पटेना. काकू म्हणाल्या, "पुरषोत्तम लिहा, सगळे तसंच म्हणतात." तशाने काहीच बदललं नसतं, "रु" काय आणि "र" काय, दोन्ही लघूच. एकाने "श्री" लावायला सांगितलं. श्री पुढे लावून मागचा "म" गुरू कसा होणार?

सुटका आदरार्थी बहुवचनाने झाली. "पुरुषोत्तमांस" म्हटलं की "मां" गुरू होतो आणि पुढचा "स" नवव्या जागेवरचा लघू होतो. मान दिला आणि मात्राही मिळाली. आधी "आजोबा" हे तीन गुरू, शेवटी "नमुनी", आणि बारा अक्षरं भरली. ही ओळ सापडली तेव्हा मी एकटाच मोठ्याने गात बसलो होतो, बायको येऊन दार लावून गेली. पूर्ण कडवं असं:

खांदी घेउनि यज्ञसूत्र मिहिरा, हो ब्रह्मचारी गुणी
आईच्या सह जेवुनी उठ अता, गायत्रि घे तू मनी
आजोबा पुरुषोत्तमांस नमुनी घेई शुभाशीष तू
श्रीलक्ष्मीनरसिंह देव कुळिचा कुर्यात् बटोर्मंगलम्

गुणी-मनी हे यमक कोणी चोखंदळ माणूस खपवून घेणार नाही, मी घेतलं. दुसऱ्या ओळीतलं जेवण म्हणजे मातृभोजन. आमच्याकडे ते मंगलाष्टकांच्या आधी होतं. तुमच्याकडचा क्रम गुरुजींना विचारा आणि मगच "जेवुनी" असं झालेलं क्रियापद वापरा.

वाटलं, संपलं. तात्या म्हणाले, "हे माझं कडवं. मीच म्हणणार." आणि मला कळेना, हसावं का रडावं. "आजोबा पुरुषोत्तमांस नमुनी" ही ओळ खुद्द पुरुषोत्तमांनी म्हणायची? स्वतःला स्वतःच नमस्कार करायला लावायचा? मग आजींना विचारलं. त्या म्हणाल्या, "मी त्यांचं नाव कसं घेऊ? हा काय उखाणा आहे?" शेवटी तात्यांच्या धाकट्या बहिणीने, म्हणजे मेहुण्यांच्या आत्यांनी ते कडवं घेतलं, आणि तात्यांसाठी नाव नसलेलं, नुसता आशीर्वाद असलेलं वेगळं लिहिलं. म्हणून लिहायला बसण्याआधीच ठरवा की कोणतं कडवं कोणाच्या तोंडी आहे. मामा म्हणणार असेल त्यात मामाचं नाव नको. आणि बटूच्या आईवडिलांना धरू नका, त्यांना गुरुजी मोकळं सोडत नाहीत.

आता पुन्हा छापखाना. कडवी मी टाईप करून पाठवली. प्रूफ आलं त्यात घेउनिचं घेऊनी, अताचं आता, गायत्रिचं गायत्री आणि कुळिचाचं कुळीचा झालेलं. त्या माणसाला फोन केला तर म्हणाला, "दादा, शुद्धलेखनाच्या चुका होत्या, मी सुधारून दिल्या." वर पैसे जास्त घेतले नाहीत, याची आठवणही करून दिली! त्याला समजावलं की गद्यात हे चूक असेल, पण वृत्तात दीर्घाचा ऱ्हस्व मुद्दाम केलेला असतो, नाहीतर तिथे मात्रा वाढते. तो हो हो म्हणाला. पुढच्या प्रुफात तीन शब्द बरोबर आले आणि "आता" तसाच. मी भांडलो आणि शेवटी समोर बसून एकेक अक्षर बदलून घेतलं.

कोणी म्हणेल, म्हणणाऱ्याला चाल येत असते, कागदावर दीर्घ असला म्हणून काय बिघडतं? बिघडतं. ज्येष्ठ मंडळी समोर आहे तसंच म्हणतात. "उठ आता" छापलं की आत्या तो "आ" पूर्ण लांबवणार, मग यती चुकणार, आणि पुढची सात अक्षरं धावत पकडावी लागणार. म्हणून प्रूफ डोळ्यांनी तपासू नका, गाऊन तपासा. डोळा घेऊनी आणि घेउनि सारखंच वाचतो. जीभ अडखळते तिथे छपाईची चूक आहे असं धरून चाला.

समोर बसलोच होतो म्हणून आणखी एक करून घेतलं. प्रत्येक ओळ यतीवर तोडून दोन ओळींत छापली, वर बारा अक्षरं, खाली थोडी आत सरकवून सात. श्वास कुठे घ्यायचा हे मग कोणाला सांगावं लागलं नाही. अक्षर मोठं घेतलं, आणि पत्रिकेचा तो सोनेरी चकचकीत कागद नाकारला, मांडवातल्या दिव्यांत त्यावरचं काही दिसत नाही.

किती कडवी म्हणायची हे मुहूर्तावर ठरतं. अंतरपाट धरल्यावर गुरुजी आधी त्यांची म्हणतात, मधे आपली, आणि मुहूर्ताच्या क्षणाला ते पुन्हा सूत्रं हातात घेतात. आपली लांबली तर ते मधेच थांबवतात, आणि थांबवलेलं कडवं हमखास सगळ्यात रुसणाऱ्या माणसाचं असतं. त्यामुळे तात्यांचं पहिलं ठेवलं, आत्यांचं दुसरं, माझं शेवटचं. माझं राहिलं. मुहूर्त गाठला गेला, तात्यांचा आवाज "बटोर्मंगलम्"वर चढला तो "सावधान" होईपर्यंत उतरला नाही, आणि आत्यांच्या तोंडून आपलं नाव पूर्ण ऐकून ते बटूपेक्षा ताठ उभे होते.

एक सांगायचं राहिलं. म्हणणाऱ्याच्या एका हातात माईक असतो, दुसऱ्यात अक्षता. तिसरा हात कागदाला लागतो. शेजारी एखादी भाची किंवा पुतण्या उभा करा, आणि त्याला कडव्यांचा क्रम आधी सांगून ठेवा.