एएनबी चार, तरी जबडा मागे?

तुम्ही विचारलंत म्हणून: "सेफच्या रिपोर्टमध्ये मुलीचा एएनबी ४ डिग्री आलाय. नेटवर तर २ ते ४ नॉर्मल म्हणतात. मग डॉक्टर खालचा जबडा मागे आहे म्हणून प्लेट लावायला का सांगताहेत?"

दोघंही चुकीचं बोलत नसण्याची शक्यता बरीच आहे. रिपोर्टमधला आकडा बरोबर मोजलेला असू शकतो आणि डॉक्टरांचं निदानही बरोबर असू शकतं. हे कसं, ते कळायला तो ४ कुठून येतो हे पाहावं लागतं.

डोक्याचा बाजूने काढलेला एक्स-रे म्हणजे लॅटरल सेफॅलोग्राम, थोडक्यात सेफ. ठाण्यात नौपाड्यात काढा किंवा वाशीला, पद्धत एकच: कानात दोन दांड्या, मान सरळ, दाढा एकमेकींवर टेकलेल्या, ओठ सैल. एक्स-रेची नळी डोक्याच्या मध्यापासून ५ फुटांवर असते. हे अंतर ठरलेलं असल्यामुळेच आजची सेफ दोन वर्षांनी काढलेल्या सेफशी ताडून पाहता येते. ब्रॉडबेंट यांनी अमेरिकेत आणि होफ्राथ यांनी जर्मनीत १९३१ साली ही पद्धत मांडली. ज्या कोनाबद्दल, म्हणजे एएनबीबद्दल, तुम्ही विचारताय तो स्टायनर यांच्या १९५३ च्या विश्लेषणामुळे घरोघरी पोहोचला.

चित्रावर चार बिंदू टाकायचे. पिट्यूटरी ग्रंथी जिथे बसते त्या हाडाच्या खळग्याचा मध्य म्हणजे सेला. कपाळाचं हाड आणि नाकाचं हाड जिथे जुळतात त्या सांध्याचं सर्वांत पुढचं टोक म्हणजे नेझिअन. वरच्या जबड्याच्या पुढच्या कडेला, नाकाखालच्या काट्यापासून दातांपर्यंत जी वळलेली रेघ दिसते तिच्यातली सर्वांत खोल जागा म्हणजे ए बिंदू. खालच्या जबड्यावर, दातांच्या मुळांखाली आणि हनुवटीच्या वर, तशीच खोल जागा म्हणजे बी बिंदू. सेला ते नेझिअन ही कवटीच्या तळाची रेघ. तिच्याशी नेझिअनपाशी ए जो कोन करतो तो एसएनए, सरासरी ८२. बी जो करतो तो एसएनबी, सरासरी ८०. पहिल्यातून दुसरा वजा केला की एएनबी, म्हणजे सरासरी २. आकडा वाढला की खालचा जबडा वरच्याच्या मागे, शून्याखाली गेला की पुढे. इथवर सगळं सरळ आहे.

अडचण नेझिअनची. एएनबी म्हणजे एकाच खुंटीला बांधलेल्या दोन दोऱ्यांमधला कोन. एक दोरी साधारण ५५ मि.मी. खाली ए पर्यंत जाते, दुसरी ९५ मि.मी. खाली बी पर्यंत. आता जबडे तिथेच ठेवा आणि फक्त खुंटी ५ मि.मी. पुढे सरकवा. आखूड दोरी साधारण ५ अंशांनी फिरते, लांब दोरी ३ अंशांनी. दोन्ही जबड्यांच्या नात्यात काडीचाही फरक पडलेला नाही, पण एएनबी २ अंशांनी उतरला. कुणाच्या कवटीचा तळ थोडा लांब असतो, कुणाचं कपाळ पुढे असतं, आणि ते सगळं त्या आकड्यात मिसळून येतं.

आता तुमच्या प्रश्नासारखंच एक उदाहरण आकड्यांनिशी घेऊ. मुलगी १२ वर्षांची, वरचे पुढचे दात खालच्यांच्या पुढे ९ मि.मी., दाढाही मागेपुढे बसलेल्या. सेफवर एसएनए ७७, एसएनबी ७३, एएनबी ४. नुसत्या यादीवरून निष्कर्ष काढणारा म्हणेल की दोन्ही जबडे मागे आहेत, पण आपसात जवळजवळ जमलेले आहेत, म्हणजे दोष फक्त दातांचा. इथे थांबावं आणि पाहावं की दोन्ही कोन एकदमच कमी का आले. एक शक्यता अशी की सेला-नेझिअन रेघच जास्त कलली आहे. ती डोळ्याच्या खोबणीच्या तळापासून कानाच्या भोकाच्या वरच्या कडेपर्यंतच्या आडव्या रेघेशी, म्हणजे फ्रँकफर्ट रेघेशी, साधारण ७ अंशांचा कोन करते. इथेही ७ च आहे, त्यामुळे कलाचा संशय गेला. (कल जास्त असता तर एसएनए आणि एसएनबी दोन्ही सारख्याच अंशांनी घसरले असते आणि एएनबी जागेवर राहिला असता. म्हणून नुसता एसएनए पाहून 'वरचा जबडा मागे' म्हणणं धोक्याचं.) दुसरी शक्यता खुंटी पुढे असण्याची. सेला ते नेझिअन अंतर मोजलं तर ते वयाच्या सरासरीपेक्षा ५ मि.मी. जास्त निघतं. खुंटी तेवढी मागे नेऊन पाहिली की एसएनए ८२, एसएनबी ७६ आणि एएनबी ६ च्या घरात येतो. वरचा जबडा जागेवर, खालचा मागे. डॉक्टर हेच सांगत होते.

अर्थात, खुंटी मनाने सरकवून निदान करायचं नसतं. नेझिअनला हात न लावता तेच उत्तर येतं का, हे बघायचं. त्यासाठी विट्स ही चाचणी, जेकबसन यांनी १९७५ मध्ये दिलेली. दाढा आणि उपदाढा जिथे एकमेकींवर बसतात त्या उंचवट्यांमधून एक रेघ काढायची, ए आणि बी वरून तिच्यावर लंब टाकायचे आणि ते जिथे पडतात त्यांतलं अंतर मोजायचं. बायकांत ते शून्य अपेक्षित असतं, पुरुषांत बी चा लंब साधारण १ मि.मी. पुढे पडतो. या मुलीत ए चा लंब ५ मि.मी. पुढे आहे. दुसरी पडताळणी मॅकनामारा यांच्या पद्धतीची. जबड्याच्या सांध्याच्या गोळ्यापासून ए पर्यंतचं अंतर ८५ मि.मी. असेल तर त्याच गोळ्यापासून हनुवटीच्या टोकापर्यंत १०५ ते १०८ हवं. इथे १०० आहे. नेझिअनशी काहीही संबंध नसलेली दोन मापं एकच गोष्ट सांगताहेत, तेव्हा चाराचा आकडा बाजूला ठेवायला हरकत नाही.

विट्सलाही आंधळेपणाने मानू नये. ए आणि बी मध्ये उभं अंतर ४० मि.मी.च्या आसपास असतं, त्यामुळे चावण्याची रेघ ५ अंशांनी चुकीची काढली तर विट्स साडेतीन मि.मी.ने बदलतो. पुढचे दात धरून रेघ काढणारे आणि फक्त दाढा-उपदाढा धरणारे यांच्यात नेमका एवढा फरक पडू शकतो. खोल चावा असेल तर जास्तच. दुधाच्या दाढा पडून नव्या अर्धवट आलेल्या वयात ही रेघ काढणं सगळ्यांत कठीण. म्हणूनच एएनबी आणि विट्स जुळत नाहीत तेव्हा 'कोणता खरा' यापेक्षा 'कोणत्याची रेघ बिघडली' हे आधी शोधायचं.

बिंदू टाकतानाच्या चुका याहून साध्या आणि म्हणून जास्त नडणाऱ्या. ए बिंदू १ मि.मी. पुढे टाकला की एएनबी जवळपास १ अंशाने वाढतो, बी तेवढाच पुढे टाकला तर अर्ध्या अंशाहून थोडा जास्त उतरतो. ए च्या जागी हाड पातळ असतं आणि गालाची मऊ सावली नेमकी त्याच्यावरून जाते. घाईत ती सावलीच हाडाची कड म्हणून धरली जाते. पडद्यावर उजेड-काळोख कमी-जास्त करून पाहिलं की हाडाची रेघ वर काट्यापर्यंत आणि खाली दाताच्या मानेपर्यंत सलग जाते. गालाची सावली मात्र काट्याला न जुमानता वर डोळ्याकडे निघून जाते. हा फरक एकदा डोळ्यात बसला की पुन्हा फसगत सहसा होत नाही. शिवाय ए हाडावरच असला तरी पुढच्या दातांच्या मुळांजवळ आहे. ब्रेसेसने मुळं फिरवली की तोही थोडा हलतो. उपचारानंतर एएनबी १ अंशाने उतरला याचा अर्थ जबडा वाढलाच असा नाही.

फिल्म काढतानाची एक चूक मात्र रिपोर्ट कितीही नेटका असला तरी झाकली जाते. खालचा जबडा मागे असलेली मुलं 'नीट चाव' म्हटलं की जबडा पुढे सरकवून चावतात. दिसायला छान दिसतं, सवयही असते. तशी फिल्म निघाली की बी पुढे जातो आणि एएनबी खोटा कमी येतो. हे पकडायला सोपं आहे: तोंडात पट्टीने ओव्हरजेट, म्हणजे वरचे पुढचे दात खालच्यांच्या किती पुढे आहेत ते, मोजायचा आणि फिल्मवरच्याशी ताडायचा. तोंडात ९ आणि फिल्मवर ६ असेल तर फिल्म पुन्हा काढावी, त्या फिल्मवरून निदान करू नये. फिल्मवर तो किंचित मोठा येणं साहजिक आहे, कारण सेफवर चित्र साधारण ८ ते १० टक्के फुगून येतं. कोनांना या फुगण्याने फरक पडत नाही, मि.मी.ला पडतो. म्हणून फिल्मच्या कडेला जी पट्टी छापलेली असते ती कापून टाकलेला फोटो विट्स मोजायला चालत नाही. व्हॉट्सॲपवर तिरका काढलेला मोबाइलचा फोटो तर कोन मोजायलाही चालत नाही.

डोकं वळलं होतं का हेही पाहून घ्यावं. खालच्या जबड्याची उजवी आणि डावी कड थोडी दुहेरी दिसणारच, कारण एक बाजू फिल्मपासून लांब असते. तेव्हा दोन्हींच्या मधला बिंदू घेतात. पण कानातल्या दांड्यांच्या दोन गोल सावल्या एकमेकींपासून लांब सरकलेल्या असतील तर डोकं फिरलं होतं. अशा फिल्मवर सांध्याचा गोळा शोधणं म्हणजे अंदाज.

प्लेटबद्दल विचारलंत, तर तिचं उत्तर एएनबीत नाही, त्याच फिल्मवर मानेत आहे. मानेच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या मणक्याच्या खालच्या कडेला खळगा पडलेला असेल, चौथ्याची खालची कड अजून सपाट असेल, आणि तिसरा-चौथा मणका पुढच्या बाजूला अजून चिंचोळे असतील, तर जबड्याच्या वाढीचा जोर येऊ घातला आहे. त्या वेळी ट्विन ब्लॉकसारखी प्लेट कामाची. तिन्ही मणक्यांना खळगे पडून ते चौकोनी, मग उभट व्हायला लागले असतील तर तो काळ बराचसा ओसरला आहे आणि बोलणी वेगळी होतात. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला जाल तेव्हा छापील आकड्यांच्या पानासोबत मूळ फिल्म न्या, मोजपट्टी आणि मान दोन्ही दिसतील अशी.