'९७ ला दोनदा पडलंय'

कोल्हापूर भागातल्या गावोगावच्या दूध संस्थांना संकलनाचं सॉफ्टवेअर देणाऱ्या एका छोट्या फर्ममध्ये मी काम करतो. आम्ही दोघं जण, आणि मदतीचा व्हॉट्सॲप नंबर माझ्याकडे. तो पावतीच्या तळाशी छापलेला असल्यामुळे गावभर फिरतो, आणि त्यावर सचिवांपेक्षा कर्जवाले, बल्क एसएमएसवाले आणि 'घरबसल्या कमवा'वाले जास्त येतात. सुरुवातीला मी भाषा बघून निवड करायचो. नीट लिहिलेलं ते खरं, तुटक ते कचरा. फसलो तो इथेच.

एका सकाळी दोन अनोळखी नंबरांवरून मेसेज आले. पहिला असा: 'नमस्कार सर, आपल्या दूध संकलन सॉफ्टवेअरविषयी माहिती मिळाली. आपले कार्य अत्यंत उपयुक्त आहे. आपल्याशी एका महत्त्वाच्या विषयावर बोलायचे आहे.' दुसरा: '९७ ला दोनदा पडलंय', आणि वर 'फॉरवर्डेड'ची खूण. प्रोफाइलला गणपती, नाव नाही. मला वाटलं मटक्याचा आकडा. ब्लॉक केला. पहिल्याला मात्र अदबीनं उत्तर दिलं, तर दुपारपर्यंत त्यानं आमच्या सॉफ्टवेअरची जाहिरात करून देण्याचं तीन पानी दरपत्रक पाठवलं.

आमच्याकडे दुधाचं बिल दहा दिवसांनी निघतं. ते निघाल्यावर एका संस्थेच्या सचिवांचा फोन आला. "ओ साहेब, आठ दिवस झाले मेसेज टाकून, त्यानंतर टाकलेल्याला एकच टिक दिसतीय. पोरानं तुमच्या नंबरवर पाठवलं होतं." ९७ हा सभासद नंबर होता. त्याचं सकाळचं पाच लिटर म्हशीचं दूध दोनदा नोंदलं गेलं होतं. लिटरला ५० रुपये धरले तर २५० रुपये जादा गेले होते. सचिवांनी मुलाला लिहिलं आणि मुलानं ते मला पुढे ढकललं, म्हणून ती 'फॉरवर्डेड'ची खूण. एका हातातून दुसऱ्या हातात गेलं तरी ती खूण लागते, हे मला माहीत होतं. पण आपल्याच सचिवाच्या घरातून असा मेसेज येईल हे डोक्यातच आलं नाही.

त्यानंतर ब्लॉक केलेले नंबर उघडून एकेक मेसेज वाचत बसलो. लक्षात आलं की आमचा खरा माणूस नमस्कार-चमत्काराच्या भानगडीत पडत नाही. काट्यावर रांग लागलेली असते, मागून कुणी तरी कॅन आपटत असतं. तो लिहितो 'पावती निघंना', 'फॅट येतंय पण एसएनएफ शून्य', नाही तर नुसता स्क्रीनचा तिरका फोटो, त्यात अर्धा अंगठा. ओळख देत नाही, कारण त्याच्या लेखी मी ओळखीचाच असतो.

जाहिरातवाल्याकडे कौतुक भरपूर, पण वस्तू एकही नाही. वरच्या मेसेजमधून 'दूध संकलन सॉफ्टवेअर' काढून 'पीठगिरणी' घाला, बाकी एक अक्षर हलवावं लागत नाही. आता मी हेच करून बघतो. '९७ ला दोनदा' हे वाक्य मात्र दुसऱ्या कुणाला पाठवलं तर त्याला काहीच कळणार नाही.

ही कसोटी नुसत्या 'हॅलो'पुढे किंवा 'किंमत काय?' यापुढे चालत नाही, कारण तेवढं तर दोघंही लिहितात. तिथं मी एकच प्रश्न टाकतो: 'गाय का म्हैस, आणि रोजचं संकलन किती?' सचिव असेल तर 'दोन्ही, चारशे लिटर' असं काही तरी सांगतो, किंवा वैतागून फोनच करतो. विकणारा प्रश्नाला बगल देतो, 'सर दोन मिनिटे वेळ मिळेल का' म्हणतो. एकदा एका नव्या संस्थेच्या अध्यक्षांनीही अशीच बगल दिली होती; त्यांना आकडा ठाऊकच नव्हता. म्हणून एका उत्तरावर मी आता कुणाला ब्लॉक करत नाही, दुसऱ्या मेसेजपर्यंत थांबतो.

उघड कचऱ्याला मात्र प्रश्नही विचारत नाही, कारण उत्तर दिलं की नंबर चालू आहे हे त्याला कळतं. वाहनाच्या चलनाच्या नावानं `.apk` फाइल आली की सरळ रिपोर्ट करतो. यात एकच अडचण आमची आम्हीच करून ठेवलेली. पूर्वी आम्ही स्वतःच मोबाइल ॲप अशा फाइलनं वाटायचो, त्यामुळे अजून एखादा सचिव जुनी फाइल परत पाठवून विचारतो, 'हेच टाकू का?' फाइल न उघडता मी संस्थेचं नाव विचारतो, आणि आता प्ले स्टोअरचीच लिंक देतो.

सचिवांचे ते २५० रुपये पुढच्या बिलातून वळते झाले. ९७ नंबरवाला कुरकुरला नाही. सचिवांचा मुलगा मात्र आता मेसेजच्या आधी संस्थेचं नाव टाकतो, आणि तेवढ्यानं भागणार नाही असं वाटलं की मिस्ड कॉल देतो.