चॅनेल बदलून न सुटलेले वाय-फायचे दुखणे

इंटरनेट पुरवठादाराच्या मदत कक्षातून अकरा दिवसांत मला चार वेळा एकच सल्ला मिळाला : वाय-फायचे चॅनेल बदलून पाहा. मी १, ६ आणि ११ ही तिन्ही चॅनेल लावून पाहिली, राउटर मूळ स्थितीत नेऊन सगळी मांडणी नव्याने केली, तरी फरक पडला नाही. राउटरला काय काय जोडले आहे, हे मात्र चारही वेळा कोणी विचारले नाही. मीही सांगितले नाही, हे कबूल केले पाहिजे. मागच्या निळ्या पोर्टात लावलेली बॅकअपची हार्ड डिस्क वाय-फायच्या तक्रारीत सांगण्यासारखी असेल, असे माझ्या मनातही आले नव्हते.

मला सर्वांत जास्त चकवले ते सिग्नलच्या दांड्यांनी. टोकाच्या खोलीतल्या लॅपटॉपवर २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल उत्तम दिसत होता, पण पाने उघडत नव्हती. शेवटी मी राउटरलाच शंभर वेळा हाक मारून पाहिली :

```
ping -n 100 192.168.1.1
```

शंभरपैकी ३१ हाकांना उत्तर आले नाही. डिस्क काढून तीच आज्ञा दिली तेव्हा एकही हाक वाया गेली नाही, आणि डिस्क पुन्हा लावताच पहिले पाढे पंचावन्न. ही दोन मिनिटांची परीक्षा मी पहिल्याच दिवशी करायला हवी होती.

दांड्या खोटे बोलत नव्हत्या, त्या फक्त अर्धीच गोष्ट सांगत होत्या. राउटरचा आवाज लॅपटॉपपर्यंत किती जोरात पोहोचतो एवढेच त्यांवरून कळते. डिस्कच्या जोडणीतून निघणाऱ्या रेडिओ लहरींचा गोंगाट मात्र राउटरच्या अँटेनाजवळ होता, त्यामुळे दुरून क्षीण होऊन आलेले लॅपटॉपचे उत्तर राउटरलाच ऐकू येत नव्हते. कानाशी यंत्र घरघरत असलेल्या माणसाचे बोलणे आपल्याला नीट ऐकू यावे, पण आपले त्याला येऊ नये, तसा हा प्रकार आहे. म्हणूनच राउटरच्या खोलीतला फोन ठीक चालत होता आणि लांबची उपकरणे आधी कोलमडत होती.

या गोंगाटाचे मूळ त्या निळ्या पोर्टाच्या, म्हणजे यूएसबी ३च्या, वेगात आहे. त्याच्या तारेतून सेकंदाला ५ अब्ज बिट धावतात आणि त्या संकेताची ऊर्जा एका वारंवारतेवर न राहता शून्यापासून ५ गिगाहर्ट्झपर्यंत पसरते, २.४चा पट्टा त्यात पुरता सापडतो. सगळ्याच चॅनेलवर हा गोंगाट असल्यामुळे चॅनेल बदलणे व्यर्थ ठरते. तो गाळूनही टाकता येत नाही, कारण डिस्कची माहितीच त्या वारंवारतांवर स्वार असते. तो पोर्ट, तार आणि डिस्कचे आवरण यांतून बाहेर झिरपतो. इंटेलने २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या मोजणीत अशा डिस्कमुळे या पट्ट्यातला गोंगाट सुमारे २० डेसिबलने, म्हणजे शंभरपट, वाढल्याचे दाखवले होते. डिस्कवर काही लिहिले जात नसतानाही जोडणी जागी असेल तर संकेत वाहतच राहतात, त्यामुळे ‘कॉपी चालू नव्हती’ हा माझा बचाव टिकला नाही.

५ गिगाहर्ट्झवरच्या उपकरणांना मात्र काहीच त्रास नव्हता, कारण या संकेताची ऊर्जा तिथे पोहोचेपर्यंत जवळजवळ नाहीशी होते. जवळची उपकरणे तिकडे वळवणे हा सर्वांत सोपा उपाय आहे, पण माझ्या टोकाच्या खोलीपर्यंत तो पट्टा नीट पोहोचत नाही.

चांगले धातूचे वेष्टण असलेल्या लांब तारेने डिस्क मीटरभर दूर ठेवली, तेव्हा ३१चे ६ झाले. पोर्ट राउटरवरच राहत असल्याने तिथली गळती उरलीच. मग राउटरच्या सेटिंगच्या पानावर तो पोर्ट यूएसबी २वर चालवण्याचा पर्याय सापडला आणि आकडा शून्यावर आला. हा पर्याय नसेल, पण डिस्कचे तोंड रुंद, दोन भागांचे मायक्रो-बी असेल, तर त्यातल्या मोठ्या भागात जुनी साधी मायक्रो यूएसबी तार बसते आणि डिस्क आपोआप यूएसबी २वर चालते. तशा पोर्टाची हमी ५०० मिलिअँपिअरचीच असल्याने डिस्क टकटक करू लागली, तर तिला वेगळा वीजपुरवठा द्यावा. वेग घटून सेकंदाला ३०–४० मेगाबाइट उरतो, जो माझ्या रात्रीच्या बॅकअपला पुरेसा आहे.

पाचव्यांदा मदत कक्षातून फोन आला, तेव्हा मी हे सगळे सविस्तर सांगितले. तक्रार बंद झाल्याचा संदेश आला, त्यात उपाय म्हणून लिहिले होते : चॅनेल बदलले.