आमची वाटचाल : मोजायचं नेमकं कोणाला?

वेबसाइटवाल्यांना त्यांच्या ग्राहकांच्या ब्राउझरवर पुश नोटिफिकेशन पाठवता याव्यात, ही आमची सेवा. तिचे तीन प्लॅन एका दुपारी ठरले. सगळ्यात छोट्या प्लॅनमध्ये ५,००० सबस्क्रायबर आणि महिन्याला १ लाख मेसेज. सेगमेंटेशन, म्हणजे सबस्क्रायबरांचे गट पाडून हव्या त्याच गटाला मेसेज पाठवणं, फक्त सगळ्यात मोठ्या प्लॅनमध्ये, कारण ते बनवताना आमचाच सगळ्यात जास्त घाम निघाला होता. ते ग्राहकाला कधी लागतं, हा प्रश्न कोणाला सुचलाच नाही.

मग पुस्तकं विकणाऱ्या एका ग्राहक बाईंचा फोन आला. छोटा प्लॅन, ४,८०० सबस्क्रायबर, रोज एक नोटिफिकेशन. वीस दिवसांत ९६,००० मेसेज संपले. एकविसाव्या दिवशी त्यांचा सेल सुरू झाला आणि मेसेज ४,००० जणांना जाऊन थांबला. उरलेले ८०० कोण, हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि आम्हालाही.

लॉग उघडला तेव्हा लाजच वाटली. १,१०० सबस्क्रायबरांसाठी पुश सर्व्हरकडून, म्हणजे आमचा मेसेज घेऊन ब्राउझरपर्यंत नेणाऱ्या सर्व्हरकडून, रोज `410 Gone` असं उत्तर येत होतं. म्हणजे ते सबस्क्रिप्शन संपलंय, पुन्हा पाठवू नका. कोणी परवानगी काढून घेतली असेल, कोणी ब्राउझरचा डेटा पुसून नव्याने ‘अलाऊ’ दाबलं असेल. मग त्याच माणसाची नवी नोंद होते आणि जुनी आपोआप जात नाही. मेसेज पाठवल्याशिवाय ती मेल्याचं कळतही नाही. आम्हाला रोज कळत होतं, तरी आम्ही ती काढत नव्हतो. उलट मेसेजच्या कोट्यातून वीस दिवसांत २२,००० मेसेज कापले होते. ते त्यांना परत दिले.

आता `410` किंवा `404` आलं की नोंद लगेच काढतो आणि कोट्यात `201` आलेलेच मेसेज धरतो. `201` म्हणजे पुश सर्व्हरने मेसेज घेतला, एवढंच. फोन बंद असेल तर मेसेज तिथेच थांबतो आणि `TTL` ची मुदत संपली की टाकून दिला जातो. म्हणून प्लॅनच्या पानावर ‘पोहोचलेले’ खोडून आम्ही ‘स्वीकारले गेलेले’ असं लिहिलं.

पण यादी साफ करूनही हिशेब बसेना. ३,७०० जणांना रोज एक धरला तर कोटा सत्ताविसाव्या दिवशीच संपतो. बाईंच्या निम्म्या नोटिफिकेशन बालपुस्तकांच्या असायच्या आणि त्या पानांवर फिरणारे होते जेमतेम ९००. टॅग लावून गट करता आले असते, तर महिन्याला सत्तर हजारांच्या आतच भागलं असतं. त्यांच्या प्लॅनमध्ये ती सोयच नव्हती. ज्याचा कोटा छोटा, त्यालाच आम्ही सगळ्यांना सगळं पाठवायला लावत होतो.

साधे टॅग आता छोट्या प्लॅनमध्येही आहेत. ‘गेल्या सात दिवसांत आला, पण खरेदी केली नाही’ असे आपोआप बदलणारे गट मात्र वरच्याच प्लॅनमध्ये ठेवलेत; त्यासाठी प्रत्येक क्लिक साठवावा लागतो आणि सर्व्हरचा खरा खर्च तिथे होतो.

बाई अजून छोट्याच प्लॅनवर आहेत. माझा भागीदार दर महिन्याला हे मला ऐकवतो.