आमची वाटचाल : तीन वर्षांचं मशीन की पाच वर्षांचं?

खोकी बनवण्याच्या आमच्या धंद्यात पहिली काही वर्षं पंचिंगचं काम बाहेरून करून घेतलं जायचं. ऑर्डरी वाढल्या तसं बाहेरच्या माणसाच्या तारखांवर आपल्या तारखा बांधणं परवडेना, आणि स्वतःचं मशीन घ्यायचं ठरलं. कारखान्याचा मजला दादा बघतो, हिशोब माझ्याकडे. दोघांचं आजवर सहसा जमत आलंय; या मशीनवर मात्र बरेच दिवस जमलं नाही.

समोर दोन पर्याय होते. एक वापरलेलं पण पूर्ण दुरुस्त केलेलं मशीन : किंमत १० लाख, आमच्या कामाच्या ओझ्याखाली तीन वर्षं चालेल असा मेकॅनिकचा अंदाज. दुसरं नवं कोरं, १८ लाखांचं, दोन पाळ्यांत पाच वर्षं टिकणारं. वीज, मजुरी, देखभाल, कर असं सगळं वजा जाता जुनं मशीन वर्षाला ५.६ लाख हातात देणार होतं, नवं ६.२ लाख. शेवटी दोन्हींची भंगाराची किंमत आम्ही शून्य धरली. जागा एकाच मशीनची आणि कामही एकाच मशीनपुरतं, त्यामुळे एक घेतलं की दुसरं बादच.

आमचा भांडवलाचा दर मी १२ टक्के धरला. कर्जाचं व्याज आणि आमच्या स्वतःच्या पैशावर आम्हाला हवा असलेला परतावा यांचा तो मेळ. या दराने पुढच्या वर्षांची कमाई आजच्या किमतीत आणली आणि मशीनची किंमत वजा केली, तेव्हा निव्वळ वर्तमान मूल्य जुन्याचं ३.४५ लाख आलं आणि नव्याचं ४.३५ लाख.

"झालं तर मग," दादा म्हणाला. "नव्यात नव्वद हजार जास्त सुटतायत. अगं, अजून काय बघायचंय?"

बघायचं होतं ते असं, की ३.४५ लाख तीन वर्षांत सुटत होते आणि ४.३५ लाख पाच वर्षांत. तीन वर्षांनी खोक्यांचा धंदा काही बंद होणार नव्हता. जुनं मशीन संपलं की तिथे दुसरं येणार आणि तेही कमावणार. पहिल्या आकडेमोडीत ती कमाई कुठेच धरलेली नव्हती.

यासाठी समतुल्य वार्षिक रकमेची पद्धत वापरतात. मशीनच्या आयुष्यभराचं निव्वळ वर्तमान मूल्य घ्यायचं आणि विचारायचं : हेच मूल्य दरवर्षी सारख्या हप्त्याने मिळायचं असेल, तर हप्ता किती? कर्जाचा हप्ता काढतो तसाच हा काढायचा, फक्त इथे तो आपल्याला मिळणारा. नुसतं वर्षांनी भागून चालत नाही, कारण तिसऱ्या वर्षाचा रुपया आजच्या रुपयाएवढा नसतो. भागायचं ते वार्षिकी गुणकाने, म्हणजे दर वर्षअखेरीला एकेक रुपया मिळत राहिला तर त्या सगळ्यांची आजची किंमत जेवढी होते, त्या आकड्याने. १२ टक्क्यांना तो तीन वर्षांसाठी २.४०१८ आणि पाच वर्षांसाठी ३.६०४८ आहे. म्हणजे जुन्याचे वर्षाला १.४४ लाख, नव्याचे १.२१ लाख. उत्तर फिरलं.

स्प्रेडशीटमध्ये जुन्या मशीनसाठी दोन ओळी पुरतात :

```
=NPV(12%,5.6,5.6,5.6)-10
=PMT(12%,3,-3.45)
```

पहिल्या ओळीत १० कंसाबाहेर आहेत, ते मुद्दाम. NPV हे फंक्शन कंसातली पहिली रक्कम वर्षअखेरीची समजतं. मशीनची किंमत आत घातली, तर तीही एक वर्ष पुढे ढकलली जाते आणि ३.४५ च्या जागी ३.०८ दिसतात. एरर वगैरे काही येत नाही, म्हणून ही चूक लवकर सापडत नाही.

दादाला मात्र गुणकांपेक्षा दुसरी मांडणी लगेच पटली. कमाई दरवर्षी सारखीच असेल, तर फक्त मशीनच्या किमतीचा वार्षिक बोजा काढला तरी भागतं. १० लाख तीन वर्षांवर १२ टक्क्यांनी पसरले की वर्षाला ४.१६ लाख होतात, १८ लाख पाच वर्षांवर पसरले की ४.९९ लाख. नवं मशीन वर्षाला साठ हजार जास्त कमावतं, पण त्याचा बोजा त्र्याऐंशी हजारांनी जास्त पडतो. मधल्या एखाद्या वर्षी मोठी दुरुस्ती काढायची असेल, तर मात्र ही सोपी वाट सोडून आधी निव्वळ वर्तमान मूल्यच काढावं लागतं.

दर बदलला तर काय, हेही पाहिलं. ८ टक्क्यांना जुनं मशीन जेमतेम पुढे राहतं, ७ टक्क्यांना नवं पुढे जातं. पैसा स्वस्त असला की जास्त किमतीच्या, जास्त टिकणाऱ्या मशीनचा बोजा हलका होतो. आम्हाला कुणी ७ टक्क्यांनी भांडवल देत नव्हतं, त्यामुळे तो प्रश्न तिथेच मिटला.

यानंतर दादाने जे विचारलं, ते खरं दुखणं होतं. "तीन वर्षांनी असंच जुनं मशीन, याच भावात, मिळेल कशावरून?" या पद्धतीत हे गृहीतच धरलेलं असतं, की मशीन संपलं की त्याच किमतीत तसंच दुसरं येतं आणि तेवढंच कमावतं. काम एकाच कंत्राटापुरतं असतं आणि पुढे मशीन लागणारच नसतं, तर साधं निव्वळ वर्तमान मूल्यच बरोबर ठरलं असतं, आणि मी नव्या मशीनला मुकाट्याने हो म्हटलं असतं.

आमचं काम चालू राहणार होतं. मग समजा, जुनं मशीन पुन्हा मिळालंच नाही. तेव्हा नवं घेऊ. पहिली तीन वर्षं १.४४ ने जातील, पुढची १.२१ ने. आजच नवं घेतलं तर पहिल्या वर्षापासूनच १.२१. म्हणजे जुनं न मिळण्याची भीती निर्णय फिरवायला पुरत नव्हती. फिरला असता तो नव्याची किंमतही चढली तर. तो आकडा मी काढला : कमाई आहे तेवढीच राहून नव्या मशीनची किंमत तीन वर्षांत साधारण १९.६५ लाखांच्या वर गेली, तर आजच नवं घेतलेलं बरं. पण मशीनची किंमत चढते तेव्हा खोक्यांचे दर अगदी जागच्या जागी राहिल्याचं आमच्या वह्यांत तरी दिसत नाही. जुनं घेतलं.

आता ते मशीन शेवटच्या वर्षात आहे आणि नवी कोटेशनं आली आहेत. नवं १९ लाखांना, वर्षाची कमाई ६.५ लाख धरून हप्ता १.२३ लाख पडतो. दुरुस्त केलेलं १०.८ लाखांना, ५.८ लाख कमाईवर १.३० लाख. फरक वर्षाला साडेसात हजारांच्याही आत आलाय. जुन्याचा एखादा रोलर भर हंगामात गेला आणि चार दिवस काम पुन्हा बाहेर द्यावं लागलं, तरी एवढे पैसे सहज उडतात. त्यामुळे या खेपेला ५.८ लाखांच्या त्या अंदाजात बंद दिवस नीट धरलेत का, हे दादा मेकॅनिकबरोबर बसून तपासतोय, आणि त्याचा आकडा येईपर्यंत मी दोन्ही कोटेशनांची मुदत वाढवून घेतली आहे.