कोऱ्या कार्डाची गोष्ट लिहिताना

मुंबईत राहणारा दहा वर्षांचा मुलगा रत्नागिरी जिल्ह्यातल्या आपल्या आजोबांना वाढदिवसाचे कार्ड टपालाने पाठवतो आणि त्यात एक अक्षरही लिहीत नाही, एवढेच बीज माझ्याजवळ होते. काळ कोकण रेल्वे येण्यापूर्वीचा, म्हणजे चाकरमान्यांची खुशाली एस.टी.ने नाहीतर टपालानेच गावी पोहोचत असे तेव्हाचा. कथा सात-आठ पानांची होईल असा माझा अंदाज होता आणि तेवढीच ती झाली, पण त्यासाठी मला चार खर्डे करावे लागले.

पहिल्या खर्ड्यात मुलगा कार्ड विकत घेतो, पाकिटावर पत्ता लिहितो आणि ते पेटीत टाकतो. गावी आजोबा पाकीट उघडतात, आत काहीच नाही असे पाहतात आणि हसतात. मला स्वतःला तो शेवट आवडला होता. माझी थोरली बहीण माझे पहिले वाचन नेहमी ऐकते. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि विचारले, "पण पोर लिहायला विसरलं का?" हा प्रश्न आला तेव्हाच माझ्या लक्षात आले की कथा उभीच राहिलेली नाही. कोरेपणा मुद्दाम आहे हे वाचकाला कळले नाही, तर तो वेंधळेपणा ठरतो, आणि आजोबांचे हसणेही मग केवळ नातवाचे कौतुक होऊन बसते.

दुसऱ्या खर्ड्यात मी त्यावर सर्वांत सोपा उपाय केला. मुलाच्या मनात एक परिच्छेद घातला: आपल्या भावना शब्दांत मावणार नाहीत, म्हणून तो काही लिहीत नाही. दोन दिवसांनी वाचताना तो परिच्छेद मलाच खोटा वाटला, कारण दहा वर्षांचे मूल असा विचार करत नाही. तो विचार माझा होता आणि मी तो त्याच्या डोक्यात कोंबला होता.

वाट सापडली ती टपालाच्या इतिहासातल्या एका प्रसंगामुळे. इंग्लंडमध्ये १८४० पूर्वी पत्राचे पैसे बहुधा पत्र घेणाऱ्यालाच भरावे लागत. टपालसुधारणेचा आग्रह धरणाऱ्या रोलंड हिल यांनी १८३७ च्या आपल्या पुस्तिकेत कवी कोलरिज यांची एक आठवण दिली आहे. एक गरीब बाई भावाचे आलेले पत्र परत करत होती. कोलरिज यांनी दया येऊन एक शिलिंग भरला, आणि टपालवाला गेल्यावर तिने तो कागद उघडून दाखवला, तर तो कोरा होता. भाऊ सुखरूप असला की त्याने असा कागद पाठवायचा आणि तिने पैसे न भरता तो परत करायचा, असे दोघांचे आधीच ठरलेले होते. त्या कागदाला अर्थ होता तो केवळ या आधीच्या ठरावामुळे. माझ्या कथेत नेमके तेच नव्हते. पाकीट उघडण्यापूर्वी, त्या घरात पत्र कसे वाचले जाते हे वाचकाला ठाऊक असायला हवे होते.

म्हणून तिसऱ्या खर्ड्याची सुरुवात मी एक वर्ष मागे नेली. मे महिना आहे, मुलगा सुट्टीत गावी आलेला आहे. आजोबा दुसरीपर्यंत शाळेत गेलेले, सहीपुरते लिहिणारे. घरी आलेले पत्र ओटीवर बसून पोस्टमनच वाचून दाखवतो. त्या दिवशी मुलाच्या वडिलांचे पत्र येते, आणि त्यात जमिनीच्या वाटणीचा विषय असतो. पोस्टमन वाचू लागतो आणि मग थांबता येत नाही म्हणून वाचतच राहतो. शेजारची माणसे पायरीवर उभी राहून ऐकतात. आजोबा एवढेच म्हणतात, "पुरे झालं." रात्री मुलगा पाहतो, की आजोबांनी तो कागद कंदिलाजवळ आणला आहे आणि ते त्याच्या घड्यांवरून बोट फिरवत आहेत. या प्रसंगावर मी कोणतेही भाष्य केले नाही. मुलाने काय पाहिले एवढेच लिहिले.

पुढच्या वर्षी मुलाच्या घरचे गावी जात नाहीत. आता मुलगा कार्ड पाठवणार, पण कोणत्या तारखेला? त्या पिढीतल्या कितीतरी जणांची जन्मतारीख घरी कुणालाच ठाऊक नसे. शाळेत नाव घालताना गुरुजी एक जून लावून मोकळे होत. आजोबांचीही तीच तारीख मी घेतली. तेव्हा आणखी एक अडचण पुढे आली, जी मला आधी सुचलीच नव्हती: दुकानातल्या बहुतेक कार्डांच्या आत शुभेच्छांच्या ओळी छापलेल्या असतात, आणि त्या ओळीही पोस्टमन वाचणारच. ही अडचणच कथेच्या सर्वांत उपयोगी पडली. मुलगा स्टेशनरीच्या दुकानात एकामागून एक कार्ड उघडून पाहतो, मिटतो, परत ठेवतो. दुकानदार वैतागून विचारतो, "कसलं हवंय तुला?" आणि मुलगा म्हणतो, "आत काही नसलेलं." शेवटी वर होडीचे चित्र असलेले एक कार्ड त्याला मिळते. दुसऱ्या खर्ड्यातल्या त्या परिच्छेदाचे काम या दोन वाक्यांनी केले, आणि बहिणीने पुन्हा ऐकले तेव्हा विसरण्याचा प्रश्न तिने काढलाच नाही.

मधल्या काळात मी मुलाला तिकीट लावायला विसरवले होते, म्हणजे पाकीट बेरंग जाईल आणि आजोबांना कोऱ्या कार्डासाठी दुप्पट पैसे मोजावे लागतील. प्रसंग ओढूनताणून करुण होत होता आणि त्यामुळे मुलगा पुन्हा वेंधळा ठरत होता, म्हणून तो मी काढून टाकला. आता तो आईकडून तिकीट मागून घेतो.

चौथा खर्डा दृष्टिकोनासाठी करावा लागला. मुलगा मुंबईत आहे. कार्ड पोहोचते ते त्याला दिसू शकत नाही. आजोबांच्या मनात शिरावे, तर त्यांना काय वाटले हे सांगावे लागेल, आणि सांगितले की कार्ड कोरे राहत नाही. बऱ्याच विचारानंतर मी कथेचा उत्तरार्ध पोस्टमनच्या नजरेतून लिहिला. तो सरावाने पाकीट फोडतो, घसा साफ करतो, कार्ड उघडतो, मागची बाजू बघतो, पाकिटात बोट घालून चाचपतो. वर्षानुवर्षे या ओटीवर जे काम तो करत आला, ते आज त्याला नाही. गेल्या वर्षीचे पत्रही त्यालाच आठवते, म्हणून कार्डाचा अर्थ तो वाचकाइतकाच ओळखू शकतो. ओळखतो की नाही, हे मी लिहिले नाही.

शेवट मी तीन परिच्छेद आधी तोडला. आधीच्या मजकुरात आजोबा कार्ड उशीखाली ठेवत होते, रात्री ते पुन्हा काढत होते, डोळे पुसत होते. आता पोस्टमन म्हणतो, "यात काही लिहिलेलं नाही." आजोबा हात पुढे करतात आणि म्हणतात, "मग द्या इकडं."