चौदापैकी नऊ म्हणजे किती?

तुम्ही विचारलंत म्हणून: "मुलाखती चौदाच आहेत. वरून विचारणा होते, 'किती जणी असं म्हणाल्या?' आकडा द्यायचा की नाही? आणि दिला तर अंगाशी येणार नाही असा कसा द्यायचा?"

द्यायचा. आकडा दिला नाही, तर त्याची जागा 'बऱ्याच', 'बहुतेक' आणि 'अनेक' हे शब्द घेतात, आणि ते जास्त फसवे. 'अनेक मातांनी सांगितलं' हे वाक्य लिहिणाऱ्याच्या मनात तिघी असतात, वाचणाऱ्याच्या मनात तालुका असतो. फक्त आकडा कशाचा, हे आधी ठरवावं लागतं.

खऱ्या मुलाखती बाहेर मांडता येत नाहीत, म्हणून एक रचलेलं उदाहरण घेते. आकडे मी बसवलेले आहेत, त्यातले घोळ मात्र रोजचे आहेत. विषय अंगणवाडीतून घरी न्यायला मिळणाऱ्या आहाराच्या पाकिटांचा, म्हणजे टीएचआरचा. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांच्या १४ आयांशी बोललो, सात एका मोठ्या गावातल्या आणि सात पाड्यावरच्या. मुलाखती उतरवून झाल्या, कोडिंग झालं, म्हणजे मजकुराच्या तुकड्यांना मुद्द्यांची नावं देऊन झाली, आणि 'चव किंवा वासामुळे मूल खात नाही' हा मुद्दा ठळक दिसू लागला. अहवालाच्या पहिल्या खर्ड्यात कुणीतरी लिहिलं, '६४ टक्के मातांच्या मते पाकिटाची चव मुलांना आवडत नाही.'

आता हे ६४ कुठून आले ते मागे जाऊन बघू.

एनव्हिवोसारख्या सॉफ्टवेअरमध्ये कोडपुढे दोन आकडे दिसतात, Files आणि References. आपल्या कोडपुढे ९ आणि २३ आहेत. २३ म्हणजे मजकुराचे किती तुकडे त्या कोडखाली टाकले. एखादी बोलकी बाई तीच तक्रार सात ठिकाणी करते, तेव्हा हा आकडा फुगतो. मुलाखत घेणाऱ्याने तोच धागा पुन्हा पुन्हा ओढला तरी फुगतो. माणसं मोजायची असतील तर २३ ला हात लावू नये. ९ म्हणजे नऊ ट्रान्स्क्रिप्ट. तिथून सुरुवात करायची, पण तिथे थांबायचं नाही, कारण ट्रान्स्क्रिप्टमध्ये आईच बोलते असं नाही.

यासाठी मी साधी एक्सेल शीट करते. प्रत्येक आईची एक ओळ, प्रत्येक मुद्द्याचा एक रकाना. रकान्यात नुसती बरोबरची खूण करत नाही, चार शक्यतांपैकी एक लिहिते: आपणहून बोलली, विचारल्यावर हो म्हणाली, विचारल्यावर नाही म्हणाली, विषयच निघाला नाही. शेजारी ट्रान्स्क्रिप्टमधल्या ओळीचा क्रमांक, म्हणजे शंका आली की मूळ वाक्य उघडता येतं. चौदा ओळी भरायला वेळ लागतो, कारण दर वेळी मजकूर परत वाचावा लागतो. पण खरी मोजणी हीच.

शीट भरल्यावर चित्र असं निघतं. चौघींनी चवीचा विषय आपणहून काढला. सात जणींना थेट विचारलं, त्यातल्या पाच 'हो'कडे गेल्या आणि दोघी म्हणाल्या, पोरगं आवडीने खातं. उरलेल्या तिघींशी हा विषय निघालाच नाही. त्या पहिल्या तीन मुलाखती होत्या, आणि चवीचा प्रश्न प्रश्नावलीत त्यांच्यानंतर आला.

म्हणजे नऊला भागायचं कशाने? चौदाने भागलं की त्या तिघी गुपचूप 'तक्रार नाही'च्या बाजूला जाऊन बसतात. त्यांनी तसं म्हटलेलं नाही. त्यांना कुणी विचारलंच नाही. गप्प राहणं आणि नाही म्हणणं यांची सरमिसळ ही या कामातली सगळ्यात जास्त होणारी आणि सगळ्यात कमी सापडणारी चूक आहे, कारण टक्केवारी काढल्यावर तिचा मागमूस राहत नाही.

आता विचारल्यावर हो म्हणणाऱ्या पाच जणी. मूळ मजकूर उघडला तर तिघींनी स्वतःचं काही सांगितलंय: एकीचं मूल घास तोंडात धरून थुंकतं, एकीच्या घरात उघडलेल्या पाकिटाला दोन दिवसांत वास येतो, एक म्हणते फार गोड आहे, आमच्याकडे तिखटामिठाची सवय. चौथीला प्रश्न होता, 'मुलाला चव आवडत नसेल ना?' आणि उत्तर, 'हो ना.' एवढंच. आपल्याकडे 'ना'ने संपणाऱ्या प्रश्नाला 'हो ना' म्हणणं हा शिष्टाचार आहे, तो पुरावा धरता येत नाही. पाचव्या मुलाखतीत उत्तर सासूबाईंनी दिलंय. सून शेजारी बसलेली, ट्रान्स्क्रिप्टमध्ये तिच्या नावापुढे कंसात 'हसते'. ते सुनेचं मत धरायचं का? मी धरत नाही. सासूबाईंचं म्हणणं वाया घालवायचं नाही, कारण घरात पाकिटाचं काय करायचं हे बहुधा त्याच ठरवतात. पण ते 'मातांनी सांगितलं' या आकड्यात बसत नाही, त्याची वेगळी नोंद होते.

उलट बाजूही तपासायची. 'आवडीने खातं' म्हणणाऱ्या दोघींपैकी एकीच्या मुलाखतीत अंगणवाडी सेविका तिथेच बसून होती, फील्ड नोटमध्ये तसं लिहिलंय. तो 'नाही' मी खोडत नाही, पण सेविका हजर असल्याची नोंद त्याच्या शेजारी ठेवते. मुलाखत कुठे आणि कुणासमोर झाली, हा शीटमधला एक रकानाच असावा, मागाहून आठवत नाही.

इथवर आलं की ज्याला '६४ टक्के' म्हटलं होतं, त्याच्या जागी अहवालात हे येतं: 'मुलाखत दिलेल्या १४ मातांपैकी ४ जणींनी चवीची किंवा वासाची अडचण आपणहून सांगितली. ७ जणींना थेट विचारलं असता ३ जणींनी स्वतःचा अनुभव सांगितला, एकीने नुसता होकार दिला, एकीच्या वतीने सासू बोलल्या, आणि २ जणींनी मूल आवडीने खातं असं सांगितलं. सुरुवातीच्या ३ मुलाखतींत हा प्रश्न नव्हता.' लांब आहे, मान्य. पण यातलं प्रत्येक पद ट्रान्स्क्रिप्टमध्ये बोट ठेवून दाखवता येतं. 'मते' हा शब्द गेला आणि 'सांगितलं' आलं, हेही मुद्दाम. मनात काय होतं ते आपल्याला कळलेलं नाही, आपल्यासमोर काय बोललं गेलं तेवढंच कळलंय.

टक्के काढण्यावर माझा आक्षेप फक्त आकडा लहान आहे म्हणून नाही. समजा, त्या चौदा जणी सगळ्या लाभार्थींमधून चिठ्ठ्या टाकून निवडल्या असत्या आणि नऊही 'हो' पक्के असते, तरी १४ पैकी ९ वरून सगळ्या भागाबद्दल एवढंच म्हणता आलं असतं की खरं प्रमाण साधारण ३९ ते ८४ टक्क्यांच्या दरम्यान कुठेतरी असावं. एवढ्या रुंद पट्ट्यात निम्म्याहून कमीही बसतं आणि जवळपास सगळेही. आणि इथे तर चिठ्ठ्या नव्हत्याच. नावं सेविकेच्या यादीतून आली, म्हणजे पाकीट घ्यायला येणाऱ्या बायकांची. ज्या येतच नाहीत किंवा कामासाठी बाहेरगावी गेल्यात, त्यांचा या चौदात पत्ता नाही. अशा नमुन्याला ३९ ते ८४ हा पट्टाही लावता येत नाही, कारण तो पट्टा चिठ्ठ्यांच्या गणितावर उभा आहे.

मग पुढचा मोह येतो, तुलनेचा. पाड्यावर सातपैकी सहा जणी, मोठ्या गावात सातपैकी तीनच! लगेच कुणीतरी आदिवासी आहारपद्धतीवर परिच्छेद लिहायला घेतं. थांबावं. चौदा चिठ्ठ्या घ्या, नऊंवर फुली मारा, पिसून सात-सातचे दोन ढीग करा. सहा-तीन किंवा त्याहून मोठा फरक, या बाजूला किंवा त्या बाजूला, साधारण चार वेळांत एकदा नुसत्या पिसण्याने पडतो. शिवाय आपली शीट परत बघा: प्रश्न न विचारलेल्या तिघी मोठ्या गावातल्याच आहेत. त्यांना बाजूला ठेवलं तर तिथे चारपैकी तीन आणि पाड्यावर सातपैकी सहा. दोन्हीकडे एकच जण सुटते. फरक गावांचा नव्हता, प्रश्नावली मधेच बदलल्याचा होता.

तर मग चौदा मुलाखतींना अर्थ काय, असं वाटेल. त्यांची ताकद वेगळीकडे आहे. एखादी गोष्ट दर पाच घरांपैकी एका घरात घडत असेल, तर चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या चौदा घरांत ती निदान एकदा कानावर पडण्याची शक्यता सुमारे ९६ टक्के असते, बाई बोलायला तयार असेल तर. म्हणजे काय काय चाललंय याची यादी करायला चौदा चांगल्या, किती ठिकाणी चाललंय हे मोजायला नाहीत. यादीलाही हद्द आहे: वीस घरांपैकी एकात घडणारी गोष्ट चौदात ऐकू येण्याची शक्यता जेमतेम निम्मी. त्यामुळे 'पाकिटं विकली जात असल्याचं कुणीही सांगितलं नाही' हे लिहावं, 'पाकिटं विकली जात नाहीत' हे लिहू नये.

आणि म्हणूनच एकटीने सांगितलेली गोष्ट गाळायची नसते. आपल्या चौदात एकच आई म्हणते की दोन महिन्यांची पाकिटं एकदम मिळतात, ठेवायला डबा नाही, म्हणून वास येतो. मोजणीत ती १. पण 'चव' या कोडखाली आपण गोडपणा आणि वास एकत्र कोंबले होते, ते चुकीचं होतं हे तिच्यामुळे दिसतं. गोड फार आहे ही पाककृतीची अडचण, वास येतो ही वाटपाची आणि साठवणुकीची, आणि दोन्ही सोडवणारे विभाग वेगळे. तिचं वाक्य वाचल्यावर कोड फोडायचा, दोन्हींची व्याख्या एकेका वाक्यात लिहायची आणि सगळ्या चौदा मुलाखती पुन्हा वाचायच्या. शक्य असेल तर दुसऱ्या कुणाला माझी शीट न दाखवता चार-पाच मुलाखती कोड करायला द्यायच्या. जिथे आमचं पटत नाही तिथे व्याख्या सैल असते.

अहवालात हा मुद्दा मी असा लिहिते: 'एका मातेने दोन महिन्यांची पाकिटं एकदम मिळाल्यावर ती खराब होत असल्याचं सांगितलं. इतरांना हा प्रश्न विचारलेला नव्हता.' दुसरं वाक्य गाळू नये. ते नसलं तर वाचणारा 'चौदात एक' असं मनात धरून पुढे जातो.

वरच्यांना तरीही टक्के हवे असतील, तर तो त्यांचा हक्क आहे, फक्त त्याला वेगळं काम लागतं. पाच टक्के इकडे-तिकडे एवढ्या अचूकतेने प्रमाण सांगायचं तर चिठ्ठी पद्धतीने निवडलेली सुमारे ३८५ घरं लागतात, आणि घरं सुटी न निवडता गावंच्या गावं निवडली तर त्याहून जास्त. निवड सेविकेच्या यादीवरून न करता घरांच्या यादीवरून करावी लागते. त्या सर्व्हेत 'चव आवडते का' हा एक प्रश्न न ठेवता गोडपणा, वास, किती पाकिटं एकदम मिळाली आणि घरात ती कोण शिजवतं, असे वेगळे प्रश्न ठेवा, आणि ते विचारताना सासूबाईंना कुठे बसवायचं तेही आधीच ठरवा.